चैत्राचा तक्ता आणि हरवलेली चौदस



आमच्या टोकावड्याच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड एक खिळा आहे. त्या खिळ्याला प्रत्येक महिन्याच्या सुद एकमेला एक नवा कागद टांगला जातो. माझे वडील किराणा दुकानाच्या जुन्या खतावणीचे कोरे पान फाडून तो तयार करीत. त्यात चार रकाने असत: तारीख, तिथी, पच्चक्खाण आणि घरची तयारी. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे गाव. साधू-साध्वी महाराजांचा विहार कधीमधी होई, पण रोज सकाळी उपाश्रयात जाऊन 'आज कोणती तिथी?' असे विचारण्याची सोय आम्हाला नव्हती. त्यामुळे घरातल्या बायकांचा सारा महिना त्या कागदावर चालत असे.

वडील गेल्यानंतर हे काम माझ्याकडे आले. बँकेत पस्तीस वर्षे रोजकीर्द आणि ताळमेळ यांत घालविलेल्या माणसाला एका महिन्याचा तक्ता करणे काय अवघड, असे मला वाटले होते. पहिल्याच वर्षी माझा तो समज उतरला. भिंतीवरची दिनदर्शिका समोर ठेवून मी तिथ्या उतरवून काढल्या होत्या. एका वद पक्षात दिनदर्शिकेच्या चौकटीत तेरस होती आणि पुढच्या चौकटीत थेट अमावास्या. मध्ये चौदस नाही, हे माझ्या लक्षातही आले नाही. चौदसीला उपवास करण्याचा बांचा नेम तेव्हा चाळीस वर्षांहून जुना होता. त्या सकाळी नवकारशी पारून त्यांनी दूध घेतले आणि दहाच्या सुमारास एका नातेवाईक बाईंचा फोन आला, 'बा, आज पक्खी प्रतिक्रमणाला कोण कोण बसणार?' बा मला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला, पुढे महाराजसाहेबांचा योग आला तेव्हा आलोचना घेतली. मला एवढेच म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचा कागद होता तोवर मी बोटांवर मोजायचे सोडून दिले होते. आता पुन्हा मोजेन."

त्या एका वाक्याने मी तक्ता करायला शिकलो. ती रीत कशी, हे मी वीर संवत २५५१ च्या चैत्र महिन्याच्या उदाहरणाने सांगतो. त्या एका महिन्यात तिथीचा क्षय, तिथीची वृद्धी, शाश्वती ओळी, जन्मकल्याणक असे सारेच आले होते.

गुढीपाडवा ३० मार्च २०२५ रोजी होता आणि चैत्राची अमावास्या २७ एप्रिलला. दोन्ही दिवस धरून महिना एकोणतीस दिवसांचा. तिथ्या मात्र नेहमीप्रमाणे तीस. तीस तिथ्या एकोणतीस दिवसांत बसवायच्या म्हणजे कोठेतरी घट येणारच. ही घट कोठे आहे ते कळल्याशिवाय तक्ता खिळ्याला टांगायचा नाही, हा आता माझा नियम आहे.

तिथी म्हणजे चंद्राने सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्याचा काळ. चंद्राची चाल कमीजास्त होते, म्हणून एखादी तिथी वीस तासांत आटोपते, तर एखादी सव्वीस तासांहून अधिक लांबते. आपण मात्र सूर्योदयाला जी तिथी असेल तीच त्या दिवसाची मानतो. लांबलेल्या तिथीला कधी दोन सूर्योदय लागतात. तिला वृद्धी म्हणतात. आखूड तिथी कधी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्या सूर्योदयाआधीच संपते, तो क्षय. क्षय म्हणजे तिथी झालीच नाही असे नव्हे. ती आली आणि गेली, पण तिने उगवता सूर्य पाहिला नाही, इतकेच.

त्या चैत्रात सुद तीज अशीच गेली. ३१ मार्चला सकाळी नऊच्या पुढे ती लागली आणि १ एप्रिलच्या पहाटे पावणेसहाच्या आत संपली. त्यामुळे ३१ मार्चला बीज आणि १ एप्रिलला एकदम चोथ. पुढे चैत्र वद एकम मात्र १३ एप्रिलच्या पहाटे सहाच्या आधी लागली आणि १४ एप्रिलला सकाळी साडेआठपर्यंत टिकली. तिला दोन सूर्योदय मिळाले, म्हणून १३ आणि १४ या दोन्ही तारखांना एकम. शेवटी वद चौदस २६ एप्रिलला सकाळी साडेआठच्या सुमारास, म्हणजे सूर्योदयानंतर सव्वादोन तासांनी लागली आणि २७ च्या पहाटे पाचच्या आत संपली. जेमतेम साडेवीस तासांची ही चौदस कोणत्याच सूर्योदयाला भेटली नाही. दिनदर्शिकेत २६ ला त्रयोदशी आणि २७ ला अमावास्या. माझी जुनी चूक ज्या खड्ड्यात झाली होती, तोच खड्डा पुन्हा समोर आला होता.

आता ताळा पाहा. तीस तिथ्या, त्यांतून दोन क्षय वजा, एक वृद्धी जमा, उत्तर एकोणतीस. दिवसही एकोणतीसच. बँकेत दिवसाअखेरची शिल्लक जुळली की तिजोरी बंद करीत असू, तसे हे. हा हिशेब जुळला नाही तर समजावे की एखादी तिथी आपण गिळली आहे अथवा दोनदा लिहिली आहे. वाचकांपैकी जे घरी असा तक्ता करतात त्यांनी हा ताळा अवश्य करून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे.

क्षय सापडला, पण आराधना कोणत्या दिवशी करायची? तीज ही पर्वतिथी नसल्याने तिच्या क्षयाने घरात काही बदलत नाही. चौदसीचे तसे नाही. आमच्या तपागच्छात उमास्वाती महाराजांच्या नावाने सांगितला जाणारा नियम असा की, पर्वतिथीचा क्षय असेल तर आदल्या दिवशी आराधना करावी आणि वृद्धी असेल तर दोन दिवसांपैकी नंतरच्या दिवशी. म्हणून चौदस २६ एप्रिलची, शनिवारची. पक्खी प्रतिक्रमण त्याच संध्याकाळी. आपल्यातील इतर संप्रदायांची व गच्छांची पंचांगे वेगळ्या रीतीने चालतात. वाचकांनी आपल्या परंपरेचे पंचांग प्रमाण मानावे. माझा तक्ता फक्त माझ्या घरापुरता आहे.

येथे आणखी एक गोंधळ टाळला पाहिजे. आमच्या सूनबाईंचे माहेर राजस्थानचे. त्यांच्या आईंचा फोन आला, "यंदा वैशाख वद चौदस तुमच्याकडे कधी?" सूनबाई घाबरून माझ्याकडे आल्या, "पप्पा, आपल्या कागदावर तर चैत्र वद आहे!" दोन्ही बरोबर होते. आपल्याकडे आणि गुजरातेत महिना अमावास्येला संपतो, त्यांच्याकडे पौर्णिमेला. त्यामुळे सुद पक्षात महिन्याचे नाव दोहोंकडे एकच असते आणि वद पक्षात त्यांचा महिना एक नावाने पुढे असतो. दिवस मात्र तोच. तेव्हापासून मी वद पक्षाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'मारवाडी वैशाख' असे लिहून ठेवतो.

तिथ्या ठरल्यावर वेळा. छापील पंचांगातील सूर्योदय-सूर्यास्त बहुधा मुंबईचे असतात. टोकावडे मुंबईच्या पूर्वेला सुमारे पाऊण रेखांश. एका रेखांशाला चार मिनिटे या हिशेबाने आमच्याकडे सूर्य सुमारे तीन मिनिटे आधी उगवतो आणि तीन मिनिटे आधीच मावळतो. सकाळी या फरकाने काही बिघडत नाही. नवकारशी तीन मिनिटे उशिरा पारली तर दोष नाही. संध्याकाळी मात्र बिघडते. मुंबईच्या वेळेवर विसंबून शेवटचा पाण्याचा घोट घेतला, तर आमच्या गावी तो सूर्यास्तानंतरचा ठरतो. पूर्वेला सह्याद्रीची भिंत असल्याने आम्हाला सूर्याचे दर्शनच उशिरा होते, म्हणून डोळ्यांवरही विसंबता येत नाही. मी मुंबईच्या दोन्ही वेळांतून तीन मिनिटे वजा करतो.

४ एप्रिलचा हिशेब नमुन्यादाखल देतो. आमच्याकडे सूर्योदय ६.२८, सूर्यास्त ६.५०. सूर्योदयात अठ्ठेचाळीस मिनिटे मिळविली की नवकारशी ७.१६. दिवस १२ तास २२ मिनिटांचा, त्याचा चौथा भाग म्हणजे एक प्रहर, साधारण ३ तास ६ मिनिटे. सूर्योदयात एक प्रहर मिळविला की पोरिसी ९.३४ आणि दोन प्रहर मिळविले की पुरिमड्ढ १२.३९. पुष्कळ घरी महिनाभर एकच नवकारशीची वेळ धरतात. परंतु त्या चैत्रात आमच्याकडचा सूर्योदय ६.३२ वरून ६.१० वर आला; बावीस मिनिटांचा फरक. म्हणून मी दर आठवड्याला वेळा नव्याने लिहितो.

आता तयारीचा रकाना. महिन्यात बारा पर्वतिथ्या: दोन्ही पक्षांतील बीज, पांचम, आठम, अगियारस, चौदस, शिवाय पूनम आणि अमावास्या. या बारा दिवशी आमच्या घरी हिरवी भाजी शिजत नाही. एप्रिलमध्ये आमच्या भागात कैऱ्या आणि करवंदे येतात, शेजारपाजारचे लोक प्रेमाने टोपली भरून देतात. टोपली नेमकी आठमीला आली तर काय, म्हणून आदल्या दिवशी भाजी किती आणायची हे तक्त्यावरून ठरते.

खरी तयारी लागते ती ओळीची. चैत्र सुद सातमपासून पूनमेपर्यंत नऊ आयंबिले. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदाच एका बैठकीत जेवण. त्यात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळण या सहा विगयींचा त्याग. भाजी, फळे व सुका मेवाही नाही. पाणी उकळलेले आणि तेही सूर्यास्तापर्यंतच. नवपदांच्या वर्णाप्रमाणे एकधान्याची आयंबिले करणाऱ्यांसाठी मी तक्त्यात धान्यही लिहितो. त्या वर्षीच्या तक्त्याचा हा भाग:

| तारीख (एप्रिल २०२५) | चैत्र सुद | पद | धान्य |
|---|---|---|---|
| ४ शुक्र | ७ | अरिहंत | तांदूळ |
| ५ शनि | ८ | सिद्ध | गहू |
| ६ रवि | ९ | आचार्य | चणा |
| ७ सोम | १० | उपाध्याय | मूग |
| ८ मंगळ | ११ | साधू | उडीद |
| ९ बुध | १२ | दर्शन | तांदूळ |
| १० गुरु | १३, जन्मकल्याणक | ज्ञान | तांदूळ |
| ११ शुक्र | १४, पक्खी | चारित्र | तांदूळ |
| १२ शनि | १५, चैत्री पूनम | तप | तांदूळ |

पहिले पद श्वेत, मग लाल, पिवळे, हिरवे, काळे आणि शेवटची चार पुन्हा श्वेत, यावरून धान्य लक्षात राहते. आमच्या घरी डोई दीडशे ग्रॅम कोरडे धान्य पुरते. त्या वर्षी तिघे बसणार होते. तेव्हा तांदूळ पाच दिवसांचे सव्वादोन किलो, बाकीची चार धान्ये प्रत्येकी साडेचारशे ग्रॅम. हे सारे ओळीच्या तीन दिवस आधी उन्हात नव्हे, सावलीत पसरून निवडायचे, कारण चैत्रातल्या उन्हाळ्यात तांदळात पोरकिडे आणि कडधान्यात भुंगे निघतात. मुगाला मोड आणायचे नाहीत. उडदाचे पीठ रात्रभर आंबवायचे नाही. डाळ शिजवून सैंधव आणि मिरपूड घालायची, बस्स.

चूक बहुधा मोठ्या गोष्टीत होत नाही, लहानात होते. एकदा आमच्या तांदळाच्या दिवशी भातात बाजारी हिंग पडला. डबीवरची बारीक अक्षरे वाचली तेव्हा कळले की त्यात गव्हाचे पीठ होते. काही हिंगात खाद्यतेलही असते. म्हणून आता ओळीत हिंग वर्ज्यच. दुसरी चूक तव्याची. रोजच्या तव्याला तेल मुरलेले असते. कितीही घासला तरी पहिल्या फुलक्याला वास येतो. त्यासाठी आयंबिलाचा तवा आणि पातेले वेगळे, ते ३ एप्रिललाच काढून ठेवायचे. पाण्याला तीन उकळ्या यायला हव्यात. उन्हाळ्यात त्या पाण्याचा काळ पाच प्रहर, म्हणजे सकाळी उकळलेले पाणी संध्याकाळपर्यंत चालते. आदल्या दिवशीचे उरलेले मात्र चालत नाही.

आतापर्यंत सांगितले ते कागदाचे. आता बांचे सांगतो. त्या चैत्रात त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी होते. नवपदाची ओळी त्यांनी तरुणपणी पूर्ण केली होती, तरीही दोन्ही ओळींत त्या बसत. रक्तदाबाची गोळी सकाळची होती. डॉक्टरांनी सांगितले की गोळी चुकवायची नाही आणि एप्रिलच्या उष्म्यात पाणी कमी पडू द्यायचे नाही. नऊ आयंबिले त्यांनी मान्य केली नाहीत. बा दोन दिवस गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या कागदावर एक रकाना कमी आहे. कोणी काय करायचे, तो रकाना."

मी पाचवा रकाना आखला. त्यात बांनी स्वतः सांगून लिहवून घेतले: सातम, तेरस आणि पूनम या तीन दिवशी आयंबिल, बाकी सहा दिवस बियासणा. आयंबिलाच्या दिवशी गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घेण्यास डॉक्टरांनी संमती दिली. तीनही आयंबिले सुखरूप पार पडली. १० एप्रिलला घरात जन्मकल्याणकाचा शिरा झाला तेव्हा बा शेजारी बसून मीठ घातलेला भात जेवत होत्या, आणि आनंदात होत्या.

मग आली २५ एप्रिलची संध्याकाळ. उपवासाचा हिशेब आदल्या सूर्यास्तापासून सुरू होतो. आमच्याकडे २५ ला सूर्यास्त ६.५६; तेथून २७ च्या सकाळी ६.५८ ला नवकारशी येईपर्यंत छत्तीस तास. म्हणजे चौदसीचा शोध २६ च्या सकाळी लागून उपयोगाचा नाही, तो २५ च्या दुपारीच हवा. तक्त्यात मी २६ च्या चौकटीत लाल शाईने '१३, चौदस आज' असे लिहिले होते. साडेपाचलाच मी बांना म्हणालो, "बा, उद्या चौदस. जेवून घे."

त्यांनी चष्मा लावून कागद पाहिला, बोटांवर एकदा मोजले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे." थोडे थांबून म्हणाल्या, "पण उद्या मी उपवास करणार नाही. ओळीनंतर पाय थरथरतात. मी बियासणा करीन."

मला काय वाटले ते लिहिणे कठीण आहे. ज्या वर्षी त्यांचा देह समर्थ होता त्या वर्षी माझा कागद चुकला आणि त्यांचा नेम मोडला. आता कागद मिनिटापर्यंत बरोबर होता आणि देह थकला होता. पन्नास वर्षांहून अधिक चाललेला नेम त्यांनी स्वतःच्या हाताने, कोणाला दोष न देता, खाली ठेवला. मी म्हणालो, "मग उद्याचा उपवास मी करतो." आयुष्यात मी चौदसीचा उपवास कधी नियमाने केला नव्हता.

"कर," त्या म्हणाल्या, "पण तिविहार कर. पहिल्यांदाच चोविहार करू नकोस. पाणी मी उकळून ठेवीन."

२६ तारखेला त्यांनी खरोखरच पहाटे पाणी उकळले. तीन उकळ्या मोजल्या. संध्याकाळी दोघांनी बसून पक्खी प्रतिक्रमण केले. २७ ला सकाळी ६.५८ झाले तेव्हा त्यांनी घड्याळ पाहिले, पाच मिनिटे अधिक जाऊ दिली आणि मग मला पारणे करायला सांगितले. तक्त्यात चौदसीसमोर पूर्वी नेहमी 'बा' असे असे. पुढच्या महिन्याच्या कागदावर तेथे काय लिहू, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तुझे नाव लिही. आणि त्याखाली पाणी उकळणारीचे."

वैशाखाचा कागद त्याप्रमाणे टांगला. त्यात अक्षय तृतीया ३० एप्रिलची होती आणि तिथ्यांचा ताळा जुळला होता.

या लेखनात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.